शुगरवाल्यांच्या रेटिनाचा फोटो: रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

कॅम्पमध्ये रेटिनाचा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढला की तो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो आणि मग जो तो झूम करून निदान करत बसतो. तर आधी उगाच घाबरवणाऱ्या दोन गोष्टी बाजूला काढू. एका बाजूला मोठा चकचकीत पिवळट गोल दिसतो ना, ती ऑप्टिक डिस्क, डोळ्याची नस जिथे सुरू होते ती जागा, सगळ्यांच्याच डोळ्यात असते. आणि मधला काळपट तपकिरी भाग म्हणजे मॅक्युला, तिथे रक्त सांडलेलं नाहीये. उजव्या डोळ्याच्या फोटोत डिस्क उजवीकडे असते, डाव्याच्या डावीकडे, म्हणजे फोटोंची अदलाबदल झालीय का ते पण लगेच कळतं.

आता असं समजा, एक काकू आहेत, वय ५६, शुगर १२ वर्षांपासून, चष्मा लावून दोन्ही डोळे ६/६. उजव्या डोळ्याच्या फोटोत पाचसहा बारीक लाल ठिपके, मॅक्युलाच्या बाहेरच्या बाजूला पिवळ्या कणांची अर्धवट कड, आणि डाव्या डोळ्याचा फोटो धुरकट. रिपोर्टवर उजवा 'मॉडरेट एनपीडीआर, मॅक्युलोपॅथी', म्हणजे शुगरमुळे पडद्यावर मध्यम बदल आणि ते मॅक्युलापर्यंत पोचलेले, डावा 'अनग्रेडेबल'. घरचे म्हणणार की नजर तर मस्त आहे, डाव्यात काहीच निघालं नाही, उजव्यात चार ठिपके, बघू पुढच्या वर्षी. इथेच घोळ होतो.

पहिली चूक म्हणजे लाल ठिपके मोजत बसणं. ते ठिपके म्हणजे केशवाहिन्यांना आलेले बारीक फुगे किंवा सुईच्या टोकाएवढा रक्तस्राव, त्यांनी शक्यतो नजर कमी होत नाही. काकूंच्या फोटोत बघायचं ते पिवळ्या कणांकडे, कारण गळक्या वाहिनीतून पाणी, चरबी, प्रोटीन असं सगळं बाहेर येतं, पाणी शोषलं जातं आणि चरबी मागे राहते, भांड्यात बोअरचं पाणी आटल्यावर पांढरा थर राहतो तसं. म्हणजे कण दिसले की आसपास गळती आहे किंवा होऊन गेलीय. मग ते कण मॅक्युलाच्या मध्यबिंदूपासून किती लांब आहेत ते बघा, माप म्हणून डिस्कचीच रुंदी घ्या (साधारण दीड मिलिमीटर). एका डिस्कच्या आत असतील तर पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं नाही, रेटिनावाल्या डॉक्टरकडे जाऊन ओसीटी करायची, म्हणजे पडद्याच्या थरांचा स्कॅन. साध्या फोटोत पडद्याची जाडी कळत नाही, सूज आहे की नाही ते ओसीटीतच दिसतं. आणि नजर ६/६ आहे म्हणजे सूज नाही असं अजिबात नसतं. उलट सूज निघाली म्हणजे लगेच इंजेक्शन असंही नाही, नजर चांगली असेल तर डॉक्टर बऱ्याचदा लक्ष ठेवून थांबतात.

दुसरी चूक जास्त महागात पडते, 'अनग्रेडेबल' म्हणजे नॉर्मल समजणं. त्याचा अर्थ एवढाच की फोटो वाचता आला नाही. बाहुली बारीक, मोतीबिंदू, पापणी मध्ये आली, कारण काहीही असेल. मॅक्युलाजवळच्या बारीक रक्तवाहिन्या स्पष्ट दिसत नसतील तर तो फोटो कामाचा नाही. बाहुली मोठी करायचे ड्रॉप घालून अर्ध्या तासाने परत काढायचा (त्या दिवशी गाडी चालवू नका, पुढचे काही तास धूसर दिसतं), तरी नाही आला तर डॉक्टरांनी स्वतः पडदा तपासायला हवा. अजून एक, दोन्ही डोळ्यांच्या फोटोत अगदी त्याच जागी तसाच डाग दिसत असेल तर बहुतेक कॅमेऱ्याच्या लेन्सवर धूळ आहे, काकूंच्या डोळ्यात नाही.

फोटो चांगला आला तरी नेहमीच्या कॅमेऱ्यात साधारण ४५ अंशाचाच भाग येतो, कडेचा पडदा बाहेरच राहतो. त्यामुळे फोटो नॉर्मल होता म्हणून नंतर अचानक काळे धागे, जाळी किंवा नजरेसमोर पडदा ओढल्यासारखं दिसलं तर त्या रिपोर्टच्या भरवशावर घरी बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मग रिपोर्ट बघून घाबरून काही जण जेवण तोडतात, गोळ्या स्वतःच वाढवतात. शुगर खाली आणायचीच आहे, पण खूप दिवस चढलेली शुगर एकदम झपाट्याने उतरली तर पडद्याचे बदल सुरुवातीला काही महिने वाढू शकतात, म्हणून इन्सुलिन किंवा नवीन औषध सुरू करताना शुगरच्या डॉक्टरांना हा फोटो दाखवा. बीपी पण तपासून घ्या, बीपी चढलेलं असेल तर गळती वाढते.

आणि समजा काकूंना पुढे इंजेक्शन लागलंच, तर दोन महिन्यांनी नवीन फोटो काढून 'पिवळे कण अजून तसेच आहेत, पैसे वाया गेले' असं करू नका. सूज आधी उतरते, कण विरघळायला महिनोन्‌महिने लागतात, पाणी शोषलं गेल्यावर मध्येच थोडे जास्तही दिसू शकतात. गुण आला का हे ओसीटीतली जाडी आणि तक्त्यावरची नजर बघून ठरवतात.