फोनवरील मुलाखतीनंतर संस्थापकांना इक्विटीबद्दल लिहिताय? या चुका टाळा

फोनवरील बोलणे संपता संपता स्टार्टअपचे संस्थापक सहज म्हणून जातात, “पगाराशिवाय साधारण चाळीस हजार ऑप्शन्सही देऊ.” ऑप्शन म्हणजे कंपनीचा शेअर पुढे ठरलेल्या किमतीला घेण्याचा हक्क, म्हणजेच इक्विटीत, कंपनीच्या मालकीत, वाटा मिळवण्याची संधी. उमेदवार फोन ठेवतो, आकडा मोठा वाटतो म्हणून आनंदतो आणि मग आभाराच्या ईमेलमध्ये काय विचारावे या विचाराने अडखळतो. काही जण काहीच विचारत नाहीत. काही जण इंटरनेटवर सापडलेली अकरा प्रश्नांची यादी जशीच्या तशी चिकटवतात. एका लहान कंपनीत भरतीच्या कामात मदत करताना अशा दोन्ही प्रकारचे ईमेल माझ्या वाचनात आले. न विचारणाऱ्याचे नुकसान उशिरा कळते आणि अकरा प्रश्न विचारणाऱ्याला बहुधा उत्तरच येत नाही. या लेखात वरील चाळीस हजारांचेच उदाहरण शेवटपर्यंत घेतले आहे.

पहिली चूक: संख्येवर समाधान मानणे

चाळीस हजार ही संख्या एकटी काहीच सांगत नाही, कारण ती कशापैकी आहे हे कळल्याशिवाय हिस्सा ठरत नाही. त्यामुळे बहुतेक उमेदवार “कंपनीचे एकूण शेअर किती?” असे विचारतात. प्रश्न बरोबर वाटतो, पण चूक नेमकी इथेच शिरते. या प्रश्नाला आजवर प्रत्यक्ष वाटप झालेल्या शेअरांचा आकडा हे उत्तर मिळू शकते आणि ते खोटेही नसते. समजा, तो आकडा साठ लाख आहे. मग चाळीस हजार म्हणजे सुमारे 0.67 टक्के होतात. परंतु कर्मचाऱ्यांना आधीच दिलेले ऑप्शन्स, त्यांच्यासाठी राखून ठेवलेला आणि अजून न वाटलेला साठा, तसेच पुढे शेअरमध्ये रूपांतर होणारी गुंतवणूक हे सारे धरले आणि एकूण ऐंशी लाख झाले, तर तेच चाळीस हजार 0.5 टक्के ठरतात. या दुसऱ्या आकड्याला ‘फुली डायल्यूटेड’ संख्या म्हणतात आणि विचारायची ती हीच.

फोनवर थेट टक्केवारी सांगितली गेली असेल तरी अडचण मिटत नाही. “अर्धा टक्का” हा आजचा, की लवकरच होणाऱ्या गुंतवणुकीच्या फेरीनंतरचा? नव्या गुंतवणूकदारांनी फेरीनंतरच्या कंपनीचा 20 टक्के हिस्सा घेतला, तर आपला 0.5 टक्का 0.4 टक्के होतो. त्याच वेळी कर्मचाऱ्यांचा साठा फेरीआधी दहा लाखांनी वाढवला गेला, तर ऐंशी लाखांचे नव्वद लाख आणि फेरीनंतर एक कोटी साडेबारा लाख शेअर होतात. मग चाळीस हजारांचा हिस्सा सुमारे 0.36 टक्के उरतो. यात फसवणूक नाही. हिस्सा असा पातळ होणे हा स्टार्टअपचा नेहमीचा क्रम आहे आणि शेअरचे मूल्य वाढले तर लहान हिस्साही अधिक मोलाचा ठरू शकतो. मात्र दोन कंपन्यांच्या प्रस्तावांची तुलना करताना एकीचा फेरीपूर्वीचा आणि दुसरीचा फेरीनंतरचा टक्का शेजारी ठेवला, तर तुलना मुळातच चुकते.

काही संस्थापक शेअरांची एकूण संख्या गोपनीय मानतात. त्यावर हुज्जत घालू नये. “संख्या सांगता येत नसल्यास फुली डायल्यूटेड आधारावरचा टक्का सांगितला तरी पुरे,” एवढी वाट मोकळी ठेवावी. टक्काही सांगायचा नाही आणि संख्या किती मोठी आहे यावरच भर द्यायचा, असे उत्तर आले तर ती धोक्याची खूण समजावी.

दुसरी चूक: “व्हेस्टिंग नेहमीप्रमाणेच ना?” असे विचारणे

व्हेस्टिंग म्हणजे दिलेले ऑप्शन्स नोकरीच्या काळात टप्प्याटप्प्याने आपले होत जाणे. या प्रश्नाला “हो” असे उत्तर मिळते आणि दोघांच्याही मनात वेगवेगळे “नेहमीप्रमाणे” असते. सर्वाधिक प्रचलित पद्धत म्हणजे चार वर्षांचे व्हेस्टिंग आणि एका वर्षाचा क्लिफ, म्हणजे काहीही हाती न येण्याचा सुरुवातीचा काळ. या पद्धतीत आपल्या चाळीस हजारांपैकी पहिल्या अकरा महिन्यांत एकही ऑप्शन आपला होत नाही. बारा महिने पूर्ण होताच दहा हजार एकदम मिळतात आणि उरलेले तीस हजार पुढील छत्तीस महिन्यांत, दरमहा सुमारे 833 या गतीने मिळत जातात. अडीच वर्षांनी नोकरी सोडणाऱ्याचे पंचवीस हजार होतात. मात्र क्लिफनंतरची वाटणी मासिक नसून वार्षिक असेल, तर त्याच दिवशी त्याच्या हाती वीसच हजार असतात. काही ठिकाणी पहिल्या वर्षी कमी आणि शेवटच्या वर्षी जास्त असा चढता क्रमही असतो. म्हणून कालावधी, क्लिफ आणि क्लिफनंतरची गती हे तिन्ही एकाच वाक्यात विचारावेत.

यालाच जोडून एक प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विसरतो आणि माझ्या मते तो टक्क्याइतकाच महत्त्वाचा आहे: व्हेस्टिंग कोणत्या दिवसापासून मोजले जाणार आणि ऑप्शन्सना संचालक मंडळाची मंजुरी केव्हा मिळणार? संस्थापकांनी फोनवर दिलेला शब्द, इतकेच काय, त्यांनी पाठवलेला ईमेलसुद्धा, ऑप्शन्सचे प्रत्यक्ष वाटप नसतो. मंडळाच्या ठरावाने वाटप होते आणि ऑप्शन वापरून शेअर घेताना मोजावी लागणारी किंमत, म्हणजे एक्सरसाइज प्राइस, सामान्यतः वाटपाच्या दिवशीच्या शेअरच्या मूल्यावरून ठरते. समजा, उमेदवार रुजू झाला, चौथ्या महिन्यात गुंतवणुकीची फेरी पूर्ण झाली आणि मंडळाची बैठक पाचव्या महिन्यात झाली. व्हेस्टिंगची तारीख बहुधा रुजू होण्याच्या दिवसापर्यंत मागे नेता येते, म्हणून त्याचा काळ वाया जात नाही. पण किंमत मागे नेली जात नाही, ती फेरीनंतरच्या वाढलेल्या मूल्याचीच लागते. ऑप्शनचा लाभ म्हणजे शेअरचे मूल्य आणि ही किंमत यांतील फरक. तो फरक पाच महिन्यांच्या दिरंगाईने आधीच खाल्लेला असतो.

तिसरी चूक: सर्व प्रश्न एकाच ईमेलमध्ये

फोनवरील मुलाखत झाली म्हणजे प्रस्ताव आला असे नव्हे. कंपनी विकली गेल्यास व्हेस्टिंग लवकर पूर्ण होईल का, गुंतवणूकदारांना विक्रीच्या रकमेतून आधी किती मिळणार, नोकरी सोडल्यावर ऑप्शन्स वापरण्यासाठी किती दिवस असतील, हे प्रश्न रास्त आहेत. पण या टप्प्यावर संस्थापकांना वकिलांना विचारून उत्तर द्यावे लागेल, आणि ज्याला अजून घ्यायचे ठरलेले नाही त्याच्यासाठी ते एवढे करणार नाहीत. ईमेल बाजूला पडतो तो राग आला म्हणून नव्हे, तर उत्तर द्यायला वेळ लागणार म्हणून. एक कसोटी लावावी: फोनवरून, दोन मिनिटांत, कोणालाही न विचारता संस्थापकांना उत्तर देता येईल का? येत नसेल तर तो प्रश्न लेखी प्रस्ताव येईपर्यंत राखून ठेवावा.

ईमेल मुलाखतीनंतर एका दिवसाच्या आत जावा आणि इक्विटीचा मजकूर कामाविषयीच्या मजकुरानंतर यावा. फोनवर जे ऐकले ते लेखी मांडणेही गरजेचे आहे, कारण पुढे “मी चाळीस नव्हे, चौदा हजार म्हणालो होतो” असा प्रसंग उद्भवला तर तो आत्ताच मिटतो. मजकूर साधारण असा असावा:

“नमस्कार. काल वेळ काढून बोललात याबद्दल आभारी आहे. पेमेंटमधील चुका शोधण्याच्या ज्या कामाचे आपण वर्णन केलेत, त्यात मला खरोखर रस आहे आणि मुलाखतीच्या पुढच्या फेरीसाठी मी तयार आहे. आपण सुमारे 40,000 ऑप्शन्सचा उल्लेख केला, असे माझ्या टिपणात आहे. ऐकण्यात चूक झाली असल्यास कृपया दुरुस्त करावे. त्यासंबंधी दोन गोष्टी समजल्या तर विचार करणे सोपे जाईल. पहिली, आजच्या फुली डायल्यूटेड आधारावर हा हिस्सा अंदाजे किती टक्के होतो? दुसरी, व्हेस्टिंगचा कालावधी, क्लिफ आणि त्यानंतरची गती काय असते, आणि ते रुजू होण्याच्या दिवसापासून मोजले जाते का? अंदाजे उत्तरही पुरेसे आहे. तपशील पुढे प्रस्तावाच्या वेळी पाहता येतील.”

या मजकुरात “मला जास्त हवे आहे” असे कुठेही नाही, आणि ते मुद्दाम. हिस्सा किती हे कळण्याआधी घासाघीस करणे म्हणजे वजन न पाहता भाव करणे. मंडळाच्या मंजुरीचा प्रश्नही येथे विचारलेला नाही. तो प्रस्तावाच्या वेळी विचारावा, कारण तोवर रुजू होण्याची तारीखच ठरलेली नसते.

उत्तर आले नाही, किंवा अर्धवट आले, तर

पाच-सहा कामाचे दिवस थांबून त्याच ईमेलच्या साखळीत एक ओळ लिहावी आणि तीत नवा प्रश्न घालू नये. संस्थापकांनी कामाबद्दल उत्साहाने लिहिले, पण इक्विटीबद्दल “ते पुढे बघू” एवढेच म्हटले, तर या टप्प्यावर ते मान्य करण्यासारखे आहे. अनेक लहान कंपन्यांत ऑप्शन्सचा साठा खरोखरच अजून मंजूर झालेला नसतो. हेच वाक्य ऑफर लेटर हातात आल्यावरही ऐकू आले, तर मात्र सही करू नये. त्या वेळी पत्रात ऑप्शन्सची संख्या, व्हेस्टिंगचा क्रम, व्हेस्टिंग सुरू होण्याची तारीख आणि “रुजू झाल्यानंतरच्या पुढील बैठकीत मंडळाच्या मंजुरीसाठी मांडले जाईल” असे वाक्य आहे का, ते पाहावे. नसेल तर घालून मागावे.

राखून ठेवलेल्या प्रश्नांपैकी पहिला विचारावा तो नोकरी सोडल्यानंतरच्या मुदतीचा. अनेक योजनांत ही मुदत 90 दिवसांची असते. अडीच वर्षांनी बाहेर पडणाऱ्या आपल्या उमेदवाराला त्या 90 दिवसांत पंचवीस हजार शेअरांची पूर्ण एक्सरसाइज प्राइस, आणि जिथे तसा नियम आहे तिथे त्यावरील करही, स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. तोही अशा शेअरांसाठी, जे त्या घडीला कुठे विकता येतीलच असे नाही. रक्कम जमली नाही, तर मुदत संपताच ते पंचवीस हजार ऑप्शन्स रद्द होऊन बहुधा कंपनीच्या साठ्यात परत जातात.