जाहिरातीत ‘किंमत ठाम’ की ‘थोडं कमी-जास्त’? ते कसं लिहावं

वापरलेली सायकल विकायची आहे असं धरू. जाहिरात लिहायला बसण्याआधी कागदावर एक आकडा लिहा: याच्या खाली सायकल द्यायची नाही. समजा तो ८,००० आहे. हा आकडा फक्त तुमच्यापुरता. जाहिरातीत ‘कमीत कमी ८,०००’ असं लिहिलंत, तर घासाघीस तिथूनच खाली सुरू होते.

आता ठरवा, भाव कमी करायचा आहे की नाही. करायचा असेल तर ८,८०० लावा. म्हणजे हातात ८०० ची जागा राहते. करायचाच नसेल तर सरळ ८,००० लावा. उगाच फुगवलेल्या किमतीपुढे ‘फिक्स’ लिहिलं की लोक दुसरी सायकल बघतात.

ठाम किमतीचं वाक्य लिहिताना कारण जोडा, म्हणजे ते तुसडं वाटत नाही:

‘किंमत ८,०००. दोन्ही टायर आणि चेन नुकतीच बदलली आहे, ते धरूनच भाव लावला आहे, त्यामुळे कमी होणार नाही. सायकल चालवून बघायला जरूर या.’

शेवटचं वाक्य गाळू नका. नकारावर जाहिरात संपली की वाचणाऱ्याला दार लावून घेतल्यासारखं वाटतं.

जागा ठेवली असेल, तर नुसतं ‘निगोशिएबल’ लिहून सोडू नका. त्यावर सायकल न बघताच ‘फायनल किती?’ असे मेसेज येतात. सवलतीला अट घाला:

‘किंमत ८,८००. प्रत्यक्ष बघून आवडली आणि त्याच दिवशी नेणार असाल, तर थोडं कमी करता येईल.’

यामुळे घासाघीस सायकलीसमोर उभं राहून होते, आणि तिथवर आलेल्या माणसाला ती खरंच हवी असते. तरीही कोणी मेसेजवर आकडा विचारलाच, तर जाहिरातीतलंच उत्तर द्या: ‘एकदा बघून घ्या, मग बोलू.’ दूरवरून येणाऱ्याला मात्र निघण्याआधी अंदाज द्यावा. त्याची खेप फुकट घालवणं बरं नाही.

‘टाइमपास करणाऱ्यांनी मेसेज करू नये’ हे वाक्य मला कधीच पटलेलं नाही. टाइमपास करणारा ते वाचत नाही, आणि साधा माणूस बिचकतो. ‘फिक्स, पण बोलू शकतो’ हेही तसंच: ‘पण’नंतरचं तेवढं लोकांच्या लक्षात राहतं.

ठाम किंमत लावून आठवडा गेला, जाहिरात बऱ्याच जणांनी बघितली आणि सायकल बघायला एकही जण आला नाही, तर अडचण बहुधा आकड्यात किंवा फोटोत आहे. फोटो बरे असतील तर कागदावरचा आकडा पुन्हा ठरवा, किंमत उघडपणे बदला, आणि आधी ज्यांना ‘कमी होणार नाही’ म्हणालात त्यांना आधी कळवा: ‘आता ७,५०० ला देतोय, हवी असेल तर सांगा.’