चौकशीतून निर्दोष सुटलेल्याला द्यायचे पत्र
खातेचौकशीत कर्मचारी निर्दोष ठरला, तरी ‘प्रकरण बंद करण्यात येत आहे’ एवढ्याने कुजबुज थांबत नाही.

१. आरोपपत्राचा क्रमांक आणि तारीख द्या. आरोपांचा तपशील, तक्रारदाराचे नाव नको.

२. पुढे लिहा: ‘आपल्यावरील आरोप सिद्ध झालेले नाहीत. निलंबनाचा काळ कामावरचा धरून, दिलेला निर्वाह भत्ता वजा जाता उरलेले वेतन या पगारात मिळेल. पूर्वीच्याच पदावर, त्याच जबाबदाऱ्यांसह रुजू व्हावे.’ विश्वास यातूनच दिसतो. कौतुकाचे परिच्छेद उलट संशय वाढवतात.

३. अफवांचा उल्लेख पत्रात नको. कर्मचाऱ्याला विचारून विभागप्रमुखाने टीमला तोंडी सांगावे: ‘चौकशी संपली, सोमवारपासून ते आपल्या कामावर आहेत.’

‘यापुढे काळजी घ्यावी’ मात्र लिहू नका. ती ताकीदच वाटते.