ग्लुटामिन न घालता उगवलेल्या अकरा कॉलनी

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने कोपरखैरण्याच्या एका छोट्या प्रयोगशाळेत जात असे. सोमवारी सकाळी इन्क्युबेटर उघडला, तेव्हा जी प्लेट पूर्ण रिकामी असायला हवी होती, तिच्यावर अकरा कॉलनी दिसल्या. प्लेट एम-९ माध्यमाची होती, म्हणजे तिच्यात ग्लुकोज, क्षार आणि नायट्रोजनसाठी फक्त अमोनियम क्लोराइड होते. तिच्यावर पसरलेल्या ई. कोलायमध्ये सिग्मा-५४ या प्रथिनाचे जनुक काढून टाकलेले होते. असा जिवाणू ग्लुटामिन दिल्याशिवाय वाढत नाही, हे मी वाचून आले होते. प्लेटवर संसर्ग झाला असे समजून मी ती फेकणार होते, पण मार्गदर्शक सरांनी मला थांबवले आणि विचारले, "आपल्याच जिवाणूने दुसरी वाट काढलेली नाही, हे तू कशावरून म्हणतेस?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना द्विघटकी संदेशवहन आणि सिग्मा घटक हे दोन विषय मला प्रथमच एकत्र समजले. या विषयात नव्याने येणाऱ्यांसाठी मी तेवढाच अनुभव इथे लिहीत आहे.

आरएनए पॉलिमरेज हे जनुक वाचणारे यंत्र असले, तरी वाचन कुठून सुरू करायचे हे त्याला स्वतःहून कळत नाही. ती जागा, म्हणजे प्रमोटर, ओळखण्याचे काम त्याला येऊन चिकटणारा सिग्मा घटक करतो. ई. कोलायमध्ये असे सात सिग्मा घटक आहेत. रोजच्या जनुकांचा बहुतेक भार सिग्मा-७० वाहतो. जनुकाच्या आरंभापासून साधारण ३५ आणि १० अक्षरे मागे असलेल्या TTGACA आणि TATAAT यांच्याशी मिळत्याजुळत्या खुणा तो ओळखतो आणि तिथे डीएनएचे दोन धागे उलगडण्यातही मदत करतो. सिग्मा-५४ याहून अगदी निराळा आहे. तो २४ आणि १२ अक्षरे मागच्या खुणा ओळखतो, पॉलिमरेजला तिथे घट्ट बसवतो आणि तिथेच थांबतो. धागे उलगडायला त्याला बाहेरून बळ लागते आणि ते बळ एटीपी खर्च करणारे दुसरे एखादे प्रथिन पुरवते. म्हणून सिग्मा-५४ च्या जनुकांबाबत यंत्र जागेवर असणे आणि जनुक चालू असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक पहिल्याच आठवड्यात मनात पक्का करून घ्यावा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

नायट्रोजनच्या टंचाईत हे बळ एनटीआर-सी नावाचे प्रथिन देते, आणि द्विघटकी व्यवस्था इथेच येते. पहिला घटक एनटीआर-बी हा हिस्टिडीन कायनेज आहे. तो एटीपीमधला फॉस्फेट आधी स्वतःच्या १३९ व्या जागेवरच्या हिस्टिडीनवर घेतो, आणि तिथून तो दुसरा घटक असलेल्या एनटीआर-सीच्या ५४ व्या जागेवरच्या ॲस्पार्टेटवर जातो. (हा ५४ आणि सिग्मा-५४ मधला ५४ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, सिग्माचा आकडा त्याच्या रेणुभारावरून आला आहे. माझ्या वहीत हे दोन्ही बराच काळ एकत्र झाले होते.) फॉस्फेट लागलेले एनटीआर-सीचे रेणू डीएनएवर एकत्र जमतात, मधला डीएनए वळून त्याचा फास होतो, आणि ते दुरून थांबलेल्या पॉलिमरेजला गाठून त्याच्याकडून धागे उलगडून घेतात. त्यांच्या बसण्याच्या जागा प्रमोटरपासून हजारभर अक्षरे दूर नेल्या तरी काम होते, असे मॅगासानिक यांच्या गटाने १९८६ मध्ये दाखवले.

ही व्यवस्था बाहेरचा अमोनिया थेट मोजत नाही. ती पेशीच्या आतले ग्लुटामिन पाहते, हे नवशिक्याच्या सहसा लक्षात येत नाही. ग्लुटामिन भरपूर असेल तर पी-टू नावाचे छोटे प्रथिन एनटीआर-बीला येऊन बिलगते, आणि मग एनटीआर-बी फॉस्फेट देण्याऐवजी एनटीआर-सीवरचा फॉस्फेट काढून टाकायला मदत करतो. ग्लुटामिन घटले की एक विकर पी-टूवर युरिडिलिक आम्लाची खूण चढवते, पी-टू बाजूला होते आणि एनटीआर-बी पुन्हा फॉस्फेट देऊ लागतो. या सगळ्याचे मुख्य लक्ष्य आहे ग्लन-ए हे जनुक. अमोनिया आणि ग्लुटामेट जोडून ग्लुटामिन बनवणारे विकर, म्हणजे ग्लुटामिन सिंथेटेज, या जनुकापासून तयार होते.

आता पुन्हा त्या प्लेटकडे येते. संसर्गाचा संशय फेडायला महागडे काही लागले नाही. मूळ जिवाणूमध्ये सिग्मा-५४ च्या जनुकाच्या जागी कॅनामायसिन-प्रतिरोधाचे जनुक घातलेले होते, म्हणून अकराही कॉलनी आधी कॅनामायसिनच्या प्लेटवर उतरवल्या. त्या सगळ्या वाढल्या. तरीही दुसरा एखादा प्रतिरोधी जिवाणू आत शिरला असण्याची शक्यता उरत होती. सरांनी डरहॅम नळी वापरायला सांगितली. बी.एस्सी.पासून हाताळलेली ती उलटी नळी इथे उपयोगी पडेल असे मला वाटले नव्हते. ई. कोलाय ग्लुकोज आंबवताना फॉर्मेट मोडून हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो, आणि त्यासाठी लागणारी जनुके सिग्मा-५४ शिवाय चालू होत नाहीत. ग्लुकोज, पेप्टोन आणि थोडे ग्लुटामिन असलेल्या द्रवात साध्या जिवाणूच्या नळीत वायूचा बुडबुडा आला. आमच्या अकराही कॉलनींनी आम्ल केले, पण नळीत वायू आला नाही. म्हणजे सिग्मा-५४ त्यांच्यात खरोखरच नव्हता, आणि तरीही त्या ग्लुटामिनशिवाय वाढत होत्या.

याचा उलगडा ग्लन-एच्या आरंभाच्या मागच्या भागात आहे. या जनुकाला एकामागे एक असे दोन प्रमोटर आहेत. जवळचा प्रमोटर पी-२, ज्याचा वर आलेल्या पी-टू प्रथिनाशी काही संबंध नाही, प्रथिनाच्या आरंभापासून ७३ अक्षरे मागे आहे आणि तो सिग्मा-५४ ने चालतो. दूरचा, पी-१, १८७ अक्षरे मागे असून सिग्मा-७० ने चालतो. तो दुबळा आहे. पी-२ ला बळ देण्यासाठी एनटीआर-सी ज्या जागांवर बसतो, त्या जागा नेमक्या पी-१ वर येतात. त्यामुळे तेच प्रथिन तिथेच बसून पी-२ चालू करते आणि पी-१ बंद ठेवते. निरोगी पेशीत यातून काही बिघडत नाही, कारण दुबळा प्रमोटर बंद होताना सशक्त प्रमोटर चालू झालेला असतो.

सिग्मा-५४ काढून टाकला की मात्र हीच रचना सापळा बनते. पेशीत ग्लुटामिन कमी पडते, एनटीआर-बी इमानाने फॉस्फेट देत राहतो, एनटीआर-सी जागेवर बसून पी-१ दाबतो आणि पी-२ वर जो पॉलिमरेज यायला हवा तो कधीच येत नाही. भोवती १८ मिलिमोलरहून अधिक अमोनियम असताना पेशी ग्लुटामिनसाठी उपाशी राहते. याचा अर्थ ती उपाशी राहण्याचे कारण केवळ सिग्मा-५४ चा अभाव नाही. सिग्मा-५४ नाही आणि एनटीआर-सी मात्र आहे, हे त्याचे कारण आहे. अशा पेशीत एनटीआर-सीही मोडला, तर पी-१ वरचा दाब उठतो आणि जेमतेम पुरेल इतके ग्लुटामिन सिंथेटेज बनू लागते. एखाद्या जनुकाचे काम बंद पाडणारा बदल ढोबळमानाने दहा लाख ते एक कोटी पेशींत एखाद्या पेशीत आपोआप होतो. मी त्या प्लेटवर साधारण एक कोटी पेशी पसरल्या होत्या, तेव्हा अकरा कॉलनी मुळीच जास्त नव्हत्या. पुढे एका कॉलनीतले एनटीआर-सीचे जनुक वाचून घेतले, तर त्यात मध्येच थांबण्याचा संकेत आलेला होता. सिग्मा-५४ नसलेल्या जिवाणूंमधले असे भरपाई करणारे बदल याच भागात सापडतात, हे जुन्या जनुकशास्त्रज्ञांना १९७० च्या दशकाअखेरीस ठाऊक झाले होते. मला ते स्वतःच्या प्लेटवर पाहायला मिळाले.

हे जनुक डेटाबेसमध्ये शोधताना मी अर्धा दिवस घालवला होता, म्हणून इथे नोंदवते: ई. कोलायच्या नकाशावर एनटीआर-सी glnG या नावाने, एनटीआर-बी glnL या नावाने आणि सिग्मा-५४ rpoN या नावाने सापडतो. जुन्या लेखांत हाच सिग्मा glnF किंवा ntrA या नावांनी येतो.

द्विघटकी व्यवस्थेच्या वरच्या वर्णनावरून एनटीआर-बी काढून टाकल्यावर एनटीआर-सी पूर्ण निष्क्रिय होत असेल, असा तर्क मी केला होता आणि तो चुकला. एनटीआर-बी नसताना एनटीआर-सी पेशीतल्या ॲसिटिल फॉस्फेटकडूनही फॉस्फेट घेऊ शकतो. म्हणून अशा जिवाणूत ग्लन-ए पूर्ण बंद होत नाही. टंचाई आली की ते सावकाश वाढते आणि अमोनिया मिळाल्यावर सावकाशच उतरते. संवेदक काढला तर प्रतिसाद शून्य होईल, असे गृहीत धरून एकदाच मोजणी केली, तर निष्कर्ष चुकण्याची शक्यता मोठी. नायट्रोजन बदलल्यानंतर निदान तीन-चार वेगवेगळ्या वेळी नमुने घ्यावेत.

या प्रकल्पातली दुसरी चूक ग्लुटामिनची होती आणि ती पहिल्या चुकीच्या आधीची होती. सुरुवातीच्या आठवड्यात मी ग्लुटामिन आगरमध्येच घालून सगळे एकत्र ऑटोक्लेव्ह केले. सिग्मा-५४ नसलेला जिवाणू त्या "ग्लुटामिनच्या" प्लेटवर जेमतेम उगवला, आणि मिळालेला जिवाणूच खराब आहे असे मी ठरवून टाकले. प्रत्यक्षात ग्लुटामिन उष्णतेने मोडते. त्याचे वलय बनून पायरोलिडोन कार्बॉक्सिलिक आम्ल तयार होते आणि अमोनिया सुटतो. द्रावण नुसते ठेवले तरी हे हळूहळू घडते. ग्लुटामिन हाच एकमेव नायट्रोजन देऊन टंचाई निर्माण करायची असेल, तेव्हा हा सुटलेला अमोनिया प्रयोग आणखी बिघडवतो, कारण ज्या टंचाईवर प्रतिसाद मोजायचा ती टंचाईच राहत नाही. असे घडल्याची खूण म्हणजे साधा जिवाणू ग्लुटामिनच्या द्रवात अमोनियमच्या द्रवाइतक्याच वेगाने वाढतो. शंका आली तर पेशी घालण्यापूर्वीच माध्यमाचा थेंब नेसलरच्या अभिकर्मकात टाकून पाहावा; पिवळसर-तपकिरी रंग आला तर ते द्रावण टाकून द्यावे. तेव्हापासून मी ग्लुटामिन त्याच दिवशी विरघळवते, ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळते आणि आगर ५० अंशांच्या आसपास निवल्यावर ०.२ टक्के या प्रमाणात मिसळते.

सिग्मा-५४ नसलेला जिवाणू जपतानाही हेच ध्यानात ठेवावे लागते. साध्या एल.बी. माध्यमात मोकळे ग्लुटामिन फारसे नसते, त्यामुळे त्यावर तो रडतखडत वाढतो, आणि एनटीआर-सी मोडलेली एखादी पेशी त्यात असली तर चार-पाच वेळा उतरवण्यात तीच सगळ्यांच्या पुढे जाते. आमच्या फ्रीजमधल्या मूळ प्लेटलाही हाच धोका होता, कारण ती अनेक हातांतून साध्या एल.बी.वर उतरत आली होती. आता आम्ही तो नेहमी ग्लुटामिन घातलेल्या एल.बी.वर वाढवतो, एकाच कॉलनीपासून बरेच ग्लिसरॉल साठे एकदम करून उणे ८० अंशांवर ठेवतो आणि प्रत्येक प्रयोगासाठी नवी कुपी काढतो. ज्या दिवशी प्रयोग सुरू होतो त्या दिवशी तीच पेशीसंख्या, ग्लुटामिन नसलेल्या क्षारद्रावणात दोनदा धुऊन, ग्लुटामिन असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन एम-९ प्लेटवर पसरतो. दुसऱ्या प्लेटवर दहा-वीस कॉलनी आल्या तर ते अपेक्षितच आहे. ती दाट भरून आली, तर त्या दिवसाचे सगळे आकडे वहीत खोडून आम्ही पुढची कुपी उघडतो.