मुद्रिते पुढे पाठवण्यापूर्वी : तत्सम शब्दांची तपासणी

शुद्धलेखनाची चाचपणी करायला बसण्यापूर्वी टेबलावर तीन गोष्टी असाव्यात: मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांची प्रत, मूळ शब्द दाखवणारा एखादा कोश आणि टोक काढलेली पेन्सिल. नियमांपैकी चौदा राज्य शासनाने 1962 मध्ये स्वीकारले आणि 1972 मध्ये चारांची भर पडून ते अठरा झाले. ही अठरा कलमे पाठ असणारे लोकही तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, शब्दांत चुकतात, कारण ह्रस्व-दीर्घाचे बहुतेक नियम ‘मराठी शब्दां’साठी सांगितलेले आहेत आणि प्रत्येकाच्या शेपटीला तत्सम शब्दांचा अपवाद जोडलेला आहे. ज्याने शब्दाचे कूळ आधी पाहिले नाही, तो नियम अगदी बरोबर लावूनही शब्द चुकीचा लिहितो. म्हणून यादीतले पहिले काम दुरुस्तीचे नाही, ओळख पटवण्याचे आहे.

पहिल्या वाचनात काहीही दुरुस्त न करता, ज्या शब्दात उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, अक्षराला इकार किंवा उकार आहे असा प्रत्येक शब्द पेन्सिलीने अधोरेखित करावा आणि संस्कृतातून जसाच्या तसा आलेल्या शब्दापुढे ‘त’ असे बारीक लिहावे. संस्कृतातून झिजत, बदलत आलेले शब्द (दुग्धापासून दूध, भगिनीपासून बहीण, स्नुषेपासून सून) तद्भव. त्यांना आणि फारसी-अरबीतून आलेल्या गरीब, वकील यांसारख्या शब्दांना या कामापुरते एकाच रांगेत बसवावे, कारण लेखनाचा नियम दोघांनाही एकच लागतो. ओळखीच्या काही खुणा आहेत. ऋकार, विसर्ग, ‘क्ष’, ‘ज्ञ’ किंवा ‘ष’ असलेला शब्द बहुधा तत्सम असतो. ‘-इक’, ‘-इत’, ‘-ईय’ हे प्रत्यय लागलेला सामाजिक, लिखित, राष्ट्रीय असा शब्दही तसाच. खुणा संपल्या की कोश उघडावा. मोल्सवर्थच्या कोशाची 1857 ची आवृत्ती यासाठी अजून उपयोगी पडते, कारण संस्कृत शब्दापुढे कंसात ‘एस’ हे रोमन अक्षर दिलेले असते आणि तद्भवापुढे मूळ संस्कृत शब्दही पुष्कळदा सापडतो. मात्र त्या कोशातून कूळ घ्यावे, लेखन घेऊ नये. ते आजच्या नियमांच्या फार आधीचे आहे.

दुसऱ्या वाचनात अकारान्त शब्द घ्यावेत. मराठी अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार-उकार दीर्घ असतो: खीर, तूप, फूल, वकील, उंदीर. तत्सम शब्दात तो मुळात जसा असेल तसाच राहतो; म्हणून गुण, विष, हित, तरुण, चतुर, निपुण, मंदिर, शिबिर, तिमिर हे ह्रस्व आणि गीत, शरीर, नवीन, गंभीर, स्वरूप, अनुकूल हे दीर्घ. ‘मंदीर’ आणि ‘तरूण’ लिहिणाऱ्याचा कान मराठी असतो, एवढाच त्याचा दोष. ‘उंदीर’ ज्या सवयीने बरोबर लिहिला जातो त्याच सवयीने तो ‘मंदीर’ लिहून मोकळा होतो.

शब्दाचे शेवटचे अक्षर दीर्घ असेल तर मराठी शब्दात त्याच्या आधीचा इकार-उकार ह्रस्व होतो आणि तत्सम शब्द तिथेही आपले मूळ सोडत नाही, हेही याच वाचनात पाहावे. किडा ह्रस्व, क्रीडा दीर्घ. माहिती ह्रस्व, नीती दीर्घ. पण समिती ह्रस्वच, कारण संस्कृतात ती तशीच आहे. ‘परीक्षा’ हा शब्द वेगळा पाहावा. परिसर, परिचय, परिषद यांच्या ओळीने तोही ‘परिक्षा’ असा लिहिला जातो. प्रत्यक्षात तिथे परि आणि ईक्षा यांचा संधी होऊन री दीर्घ झालेली आहे. प्रतीक्षा आणि अभीष्ट यांचेही तसेच. अनुस्वार आणि जोडाक्षर यांच्या आधीच्या अक्षराबद्दल एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे की भिंत, मुंगी यांचा ह्रस्व नियम सूर्य, पूर्ण, कीर्ती, तीक्ष्ण यांना लागत नाही.

सर्वांत जास्त वेळ तिसऱ्या वाचनासाठी राखून ठेवावा, आणि ते सामान्यरूपांचे. विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागताना मराठी शब्दातला दीर्घ उपान्त्य ह्रस्व होतो: गरीब-गरिबाला, सून-सुनेला, फूल-फुलांचा, दूध-दुधात. तत्सम शब्दातला दीर्घ उपान्त्य ह्रस्व होत नाही: शरीर-शरीरात, गीत-गीतांचा, सूत्र-सूत्राने, स्वरूप-स्वरूपात. मूळ शब्द बरोबर लिहिणाऱ्याचेही सामान्यरूप इथे चुकते, म्हणून मजकुरात ‘शरीर’ तीनदा बरोबर दिसले तरी चौथ्या ओळीतले ‘शरिराला’ डोळ्यांआड होऊ देऊ नये.

एकाच लेखनाचे दोन शब्द, एक तत्सम आणि एक तद्भव, जिथे शेजारी येतात तिथे ही गोष्ट सर्वांत स्पष्ट दिसते. ‘पीठ’ म्हणजे आसन हा तत्सम शब्द. म्हणून विद्यापीठात, व्यासपीठावर, धर्मपीठाने. ‘पीठ’ म्हणजे दळलेले धान्य हा ‘पिष्ट’पासून झालेला तद्भव, म्हणून पिठात, पिठाचा डबा, पिठासारखा. ‘मूल’ म्हणजे अपत्य हा मराठी शब्द, त्याचे मुलाला. ‘मूल’ म्हणजे बूड किंवा आधार हा तत्सम, म्हणून मूलभूत, मूलाधार. आणि त्याचाच तद्भव भाऊ ‘मूळ’ पुन्हा मुळात, मुळाशी असा ह्रस्व होतो. ‘मुळात’ बरोबर आणि ‘मुलभूत’ चूक, हे एका दमात सांगितले की नवशिक्या मुद्रितशोधकाचा चेहरा पाहण्यासारखा होतो, पण कारण एवढेच आहे.

एक वाक्य घेऊन पाहू. समजा, मुद्रितात असे आले आहे: ‘मंदीरातील शिबीरात तरूण कविंनी लोकगितांचे नविन स्वरुप व्यासपिठावरून मांडले, तेव्हा भाकरीच्या पीठासारखे साधे शब्दही उजळून निघाले.’ यात नऊ चुका आहेत, पण त्या एका जातीच्या नाहीत. मंदीर, शिबीर, तरूण या तीन जागी मराठी अकारान्त शब्दांचा नियम तत्सम शब्दांवर लादला आहे. लोकगितांचे आणि व्यासपिठावरून या दोन जागी सामान्यरूपाचा मराठी नियम तत्समाला लावला आहे. ‘पीठासारखे’ ही उलट बाजूची चूक. इथे तद्भवाला तत्समाचा मान मिळाला. नविन आणि स्वरुप यांच्यामागे कोणताच नियम नाही, निव्वळ सवय आहे. उरला ‘कविंनी’: सुटा तत्सम शब्द मुळात ह्रस्वान्त असला तरी आता दीर्घान्त लिहायचा असल्यामुळे कवी, आणि प्रत्यय लागल्यावरही कवीने, कवींनी. लेखकाला परत पाठवताना चुका अशा गटांनी सांगितल्या तर तो पुढच्या लेखात पाच-सहा प्रकार टाळतो. नुसत्या लाल खुणा केल्या तर तो फक्त हेच वाक्य सुधारतो.

शेवटचे अक्षर दीर्घ करण्याच्या या नियमामुळे समासात वेगळी काळजी घ्यावी लागते. मती, बुद्धी, गुरू, पशू, कृषी हे सुटे असताना दीर्घान्त, पण समासाचे पहिले पद झाले की मुळाप्रमाणे ह्रस्व: बुद्धिवैभव, गुरुदक्षिणा, पशुधन, दृष्टिकोन, कविसंमेलन. मुळातच दीर्घान्त असलेले नदी, लक्ष्मी, वधू, स्त्री हे समासातही दीर्घ राहतात: नदीतीर, वधूवर, स्त्रीशिक्षण. विद्यार्थी, प्राणी, पक्षी, मंत्री हे संस्कृतात ‘इन्’ शेवटी असलेले शब्द. समासात तेही ह्रस्व होतात, म्हणून मंत्रिमंडळ, प्राणिसंग्रहालय, पक्षिमित्र, विद्यार्थिसभा. मधली मोकळी जागाही तपासावी, कारण ‘कृषिविभाग’ जोडून लिहिला तर ह्रस्व आणि ‘कृषी विभाग’ तोडून लिहिला तर दीर्घ. एकाच पानावर दोन्ही रूपे आली तर दोन्ही बरोबर असूनही पान गबाळे दिसते, तेव्हा एक ठरवावे. परंतु, तथापि, यद्यपि, अति ही तत्सम अव्यये मात्र ह्रस्वान्तच राहतात आणि अर्थात, कदाचित, क्वचित यांचा पाय मोडायचा नाही.

संगणकावर शोधून बदलण्याची सोय वापरायची असेल तर एकेक जागा पाहूनच होकार द्यावा. माझ्या हातून एकदा एका अंकात ‘पिठ’च्या जागी सरसकट ‘पीठ’ केले गेले आणि पाककृतींच्या पानावर पिठल्याचे ‘पीठले’ झाले. ‘गित’चे ‘गीत’ करायला निघालो असतो तर प्रत्येक ‘सांगितले’ बिघडले असते, आणि ‘रुप’ बदलताना रुपये सुटले नसते. त्याऐवजी शरिर, स्वरुप, व्यासपिठ, गितां असे तुकडे शोधावेत. शोधाचा तुकडा जितका लांब तितका निरपराध शब्दांना धोका कमी.

काही शब्दांवर नियम आणि रूढी यांचे एकमत होत नाही. जीव आणि भूत हे दोन्ही तत्सम. नियमाने जीवाला, भूताला असे हवे, पण ‘जिवाची मुंबई’ आणि ‘भुताला घाबरणे’ इतके घरचे झाले आहेत की तिथे दीर्घ अक्षर ओळीत खडा आल्यासारखे लागते. माझे मत विचाराल तर वाक्प्रचारात रूढ रूप ठेवावे आणि शास्त्रीय मजकुरात नियमाचे. काहीही ठरवले तरी ते अंकाच्या पहिल्याच पानापासून वहीत नोंदवलेले असावे, नाहीतर दोन शोधक एकमेकांच्या दुरुस्त्या खोडत बसतात.

शेवटी अवतरणे. केशवसुतांच्या पूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पूर्वीचे गद्य मूळ छापाप्रमाणेच ठेवायचे असते. त्यांच्यापासून पुढचे लेखन, या दोघांचे धरून, आजच्या नियमांनी छापता येते. पहिल्या वाचनातच अशा जुन्या उताऱ्यांभोवती पेन्सिलीने चौकट आखून ठेवावी, म्हणजे तिसऱ्या वाचनाला सरावलेला हात तुकोबांच्या अभंगातला ह्रस्वान्त शब्द लांबवण्याआधी चौकटीपाशी अडतो.