ग्लुटेन-फ्री समजून आणलेला खाऊ: लेबल वाचताना या चुका टाळा

पाकिटावर ज्वारी, नाचणी, राजगिरा किंवा मखाणा हे शब्द मोठ्या अक्षरांत दिसले की लेबल उलटून बघायचं राहूनच जातं. "गव्हाचं नाही ना, मग चालेल." सीलिअ‍ॅक असलेल्या माणसाला, म्हणजे गहू-बार्लीतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे ज्याच्या आतड्याला इजा होते त्याला, हा हिशेब महागात पडतो. अशा खाऊतला गहू पुष्कळदा मुख्य पिठात नसतो, तो मसाल्यात, हिंगात किंवा कारखान्याच्या यंत्रात असतो.

नमुना म्हणून लसूण मसाला लावलेल्या ज्वारीच्या पफचं लेबल घेऊ. घटक असे: ज्वारीचं पीठ (४५%), तांदळाचं पीठ, पामतेल, मसाला (मीठ, साखर, माल्टोडेक्स्ट्रिन, लसूण पावडर, हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन, मिरची, कंपाउंडेड असाफोटिडा, आयएनएस ३३०, ६२७, ६३१). त्याखाली बारीक अक्षरांत: सोया आहे, गहू आणि दूध असू शकतं.

चूक पहिली: आकड्यांना घाबरायचं आणि हिंग सोडून द्यायचा

हे लेबल हातात पडलं की लोक आधी आयएनएसच्या आकड्यांवर बोट ठेवतात. पण ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, आणि ६२७, ६३१ हे चव वाढवणारे पदार्थ. ग्लुटेनचा प्रश्न त्यांच्यात नाही. माल्टोडेक्स्ट्रिनच्या नावात 'माल्ट' आहे म्हणून तेही बदनाम आहे. प्रत्यक्षात ते स्टार्चपासून बनतं, बहुधा मक्याच्या. मोनोसोडियम ग्लुटामेटचाही ग्लुटेनशी संबंध नाही.

खरा संशयित कंसाच्या पोटात आहे, कंपाउंडेड असाफोटिडा, म्हणजे आपला डबीतला बांधणीचा हिंग. शुद्ध हिंग फार उग्र असल्यामुळे त्यात डिंक आणि पीठ मिसळतात, आणि हे पीठ पुष्कळदा मैदाच असतं. काही कंपन्या तांदळाचं पीठ वापरतात, पण मसाल्याच्या यादीत नुसतं 'हिंग' लिहिलेलं असलं तर कोणतं पीठ ते कळायला मार्ग नाही. मैद्यात ढोबळमानाने दहा टक्क्यांच्या आसपास ग्लुटेन धरलं, तर पाव ग्रॅम हिंगात निम्मा मैदा असला तरी बारा-तेरा मिलिग्रॅम ग्लुटेन होतं. सीलिअ‍ॅक असलेल्या बहुतेकांसाठी दिवसाला सुमारे १० मिलिग्रॅम ही सावधगिरीची मर्यादा मानतात. एका पाकिटात हिंग याहून बराच कमी पडतो हे खरं, पण दिवसभरात चिवडा, आमटी, पापड, लोणचं असं सगळीकडून तो थोडा थोडा येत राहतो.

दुसरा संशयित हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन. ते सोयाचं असतं, मक्याचं असतं, गव्हाचंही असतं. कोणत्या 'व्हेजिटेबल'चं ते लिहिलेलं नसेल तर खाली अ‍ॅलर्जीची ओळ बघायची. आपल्या नमुन्यात 'सोया आहे' असं म्हटलंय, म्हणजे ते बहुधा सोयाचंच. सोया सॉस पावडर मात्र वेगळी गोष्ट, कारण नेहमीचा सोया सॉस बनवतानाच गहू वापरतात.

बार्लीतही ग्लुटेन असतं, त्यामुळे तिच्या माल्टची ही नावं तर पाठच करून ठेवावीत अशी: माल्ट एक्स्ट्रॅक्ट, माल्ट, माल्ट फ्लेवर, माल्ट व्हिनेगर. चिवड्यातल्या कॉर्नफ्लेक्समध्ये मका असतो हे बरोबर, पण पुष्कळ कॉर्नफ्लेक्सना चव माल्टचीच असते. रवा, शेवया, दलिया यांचं वेगळं सांगायला नको. खपली मात्र सांगावी लागते. ती गव्हाचीच जुनी जात आहे, मधुमेहासाठी कोणी कितीही वाखाणली तरी तिच्यात ग्लुटेन आहेच.

चूक दुसरी: 'असू शकतं' ही ओळ कंपनीने अंग काढून घेण्यासाठी टाकली असं समजायचं

'आहे' म्हणजे तो घटक मुद्दाम घातलेला. 'असू शकतं' म्हणजे घातलेला नाही, पण त्याच यंत्रावर, त्याच तळणीत किंवा शेजारच्या लाइनवर गव्हाचं काही बनतं. ज्या फ्रायरमधून सकाळी मैद्याची शंकरपाळी निघाली त्यातून दुपारी ज्वारीचे पफ निघाले, तर किती गहू आला हे पाकिटागणिक बदलतं. एकदा खाऊन काही झालं नाही, एवढ्यावरून पुढच्या पाकिटाचा भरवसा धरता येत नाही. शिवाय सीलिअ‍ॅकमध्ये पोट न दुखताही आतड्याला इजा होत राहते, त्यामुळे 'मला काही होत नाही' ही परीक्षाच नव्हे.

उलट बाजूही लक्षात घ्या. 'असू शकतं' ही ओळच नाही, म्हणून पाकीट स्वच्छ, असंही नाही. युरोप-अमेरिकेत ही सूचना ऐच्छिक आहे. आणि अमेरिकेहून कोणी खाऊ आणला तर आणखी एक मेख आहे. तिथे अ‍ॅलर्जीच्या ओळीत गहू लिहावाच लागतो, बार्लीला ती सक्ती नाही. म्हणजे खाली गव्हाचा उल्लेख नसतानाही वर घटकांत बार्ली माल्ट बसलेलं असू शकतं. 'व्हीट-फ्री'चा अर्थ ग्लुटेन-फ्री नव्हे, तो याचसाठी.

आपल्याकडे 'ग्लुटेन-फ्री' लिहायचं तर एका किलोत २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही. म्हणजे असं ३० ग्रॅमचं पाकीट संपवलं तरी जास्तीत जास्त ०.६ मिलिग्रॅम. यामुळे हा दावा आणि नुसतं 'ज्वारीचे', 'मल्टिग्रेन', 'मिलेट' असं लिहिणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कित्येक मिलेट बिस्किटांच्या घटकांत पहिलंच नाव मैद्याचं निघतं, आणि पहिलं नाव म्हणजे वजनाने सगळ्यात जास्त.

आता आपला नमुना: ग्लुटेन-फ्रीचा दावा नाही, हिंग संशयास्पद, गहू 'असू शकतो'. सीलिअ‍ॅकवाल्याने हे पाकीट ठेवून द्यावं. त्याच कंपनीचे साधे खारे पफ कदाचित चालतील, पण त्यांचं लेबल वेगळं वाचायचं. चव बदलली की मसाला बदलतो.

चूक तिसरी: घरगुती म्हणजे बिनधास्त

बचत गटाच्या भाजणीच्या चकल्या, ओळखीच्या काकूंकडची नाचणीची शेव. नियत साफ असते, पण दळण गिरणीतून येतं. तुमच्या ज्वारीच्या आधी पाच किलो गहू दळून गेला असेल तर जात्यात राहिलेलं पीठ तुमच्या डब्यात उतरतं. काही घरांत तर भाजणीत मूठभर गहूच टाकतात. त्यामुळे 'ग्लुटेन आहे का?' असं विचारू नका, 'नाही हो, गव्हाचं काहीच नाही' हेच उत्तर येईल. पीठ कुठे दळता, आधी काय दळलेलं असतं, हिंग कोणत्या डबीतला, त्याच तेलात आणखी काय तळता, हे चार प्रश्न विचारा.

कंपनीला विचारायचं तर पाकिटावर ग्राहक सेवेचा पत्ता असतोच. बॅच क्रमांक देऊन लिहा: हिंगात कोणतं पीठ आहे, या लाइनवर गव्हाचं काही बनतं का, आणि तयार मालाची ग्लुटेन चाचणी होते का, झाली असेल तर किती आलं. 'आमची उत्पादनं सर्व मानकांनुसार आहेत' एवढंच उत्तर आलं, तर ते 'नाही' समजून चाला.