स्टेशनरीवाल्या काकांना बोर्ड बदलायचं पत्र कसं लिहावं?

उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी कॉलेजसमोरच्या स्टेशनरीवाल्या काकांना तीन पानी पत्र दिलं होतं. त्यात ‘ब्रँड आयडेंटिटी’पासून ‘टार्गेट ऑडियन्स’पर्यंत सगळं होतं. चार दिवसांनी जर्नल घ्यायला गेलो, तर त्या पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काकांनी स्पायरल बाइंडिंगचा हिशेब मांडलेला. पुढचं पत्र एका पानाचं लिहिलं आणि ते चाललं. ते कसं लिहिलं, ते सांगतो.

आधी रस्त्यापलीकडे उभे राहा

लिहायला बसण्याआधी समोरच्या बस स्टॉपवरून दुकानाचा फोटो काढा. आमच्या काकांच्या बोर्डाची रुंदी दहा फूट आणि उंची तीन फूट, पण त्यातला अर्धा भाग एका पेन कंपनीच्या जाहिरातीने खाल्लेला. असे बोर्ड कंपन्या फुकट लावून देतात आणि दुकानाचं नाव कोपऱ्यात ढकलतात. शिवाय लाल अक्षरं फिकट गुलाबी पडली होती आणि निळी तेवढी टिकली होती. फ्लेक्सच्या छपाईत उन्हाने किरमिजी आणि पिवळी शाई आधी उडते, निळी-काळी जास्त तग धरते. म्हणून जुने फ्लेक्स निळसर दिसतात. नवीन बोर्डाला कुठला रंग सुचवायचा, याचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

मग दुकानात पाच-दहा मिनिटं नुसतं उभं राहा आणि गिऱ्हाईक दुकानाला काय म्हणतं ते ऐका. आमच्याकडे बोर्डावरचं नाव कुणीच घेत नव्हतं, सगळे ‘वडाखालचं दुकान’ म्हणायचे. माझ्या पहिल्या पत्रात मी नवीनच नाव सुचवलं होतं. तीस वर्षं चाललेल्या दुकानाला एकोणीस वर्षांच्या पोराने नाव ठेवायचं, यातला आगाऊपणा मला तेव्हा कळला नाही. नाव तेच ठेवा. फार तर लोकांच्या तोंडातलं नाव खाली बारीक अक्षरात घाला.

मागणं तीनच गोष्टींचं

बोर्ड, शिक्का आणि कॉलेजची पोरं झेरॉक्ससाठी पीडीएफ पाठवतात त्या व्हॉट्सॲप नंबरचा प्रोफाइल फोटो. बस. छापील पिशव्यांचा मोह टाळा. त्या हजारांत छापाव्या लागतात आणि काकांना वर्षभर माळ्यावर ठेवाव्या लागतात. त्याऐवजी दुकानाच्या नावाचा रबरी शिक्का करून खाकी पिशवीवर मारायचा. गुळगुळीत कागदावर शाई पुसली जाते, खाकीवर लगेच मुरते.

अक्षरांचा हिशेब मात्र नीट करा. ढोबळमानाने दर दहा फूट अंतराला एक इंच उंचीचं अक्षर धरतात. साठ फुटांवरच्या बस स्टॉपवरून वाचायचं तर किमान सहा इंच हवं. देवनागरीत ही उंची शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायची आणि वर-खाली वेगळी जागा सोडायची, कारण वेलांट्या आणि मात्रा वर जातात, उकार खाली उतरतात. हे विसरलं की फ्लेक्सवाला अक्षर ताणून बसवतो आणि नेमका ‘स्टेशनरी’वरचा मात्रा-वेलांटीचा तुकडा फ्रेमच्या पट्टीखाली जातो. मी हे एकदा करून बसलोय. फॉन्टसाठी ‘मुक्ता’ किंवा ‘बलू’ घ्या. दोन्ही मोफत आहेत आणि व्यावसायिक कामाला चालतात.

कायद्याचीही एक बाजू आहे. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली आणि मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाहीत. काकांच्या बोर्डावर नेमकं उलटं होतं. पण पत्राची सुरुवात यावरून करू नका, धमकी दिल्यासारखं वाटतं. शेवटाकडे एक ओळ पुरते.

पत्र

गिऱ्हाइकांच्या मध्ये, चष्मा कपाळावरून खाली ओढून, दोन मिनिटांत वाचून व्हावं एवढंच लिहा. माझं दुसरं पत्र साधारण असं होतं:

> ति. काकांना सा. न.
>
> मी समोरच्या कॉलेजात उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ड्रॉइंग शीट आणि पोस्टर कलर तुमच्याकडूनच नेतो.
>
> तुमच्या बोर्डावरचं नाव बस स्टॉपवरून वाचता येत नाही, सोबत फोटो जोडलाय. त्याच फ्रेमवर नवीन फ्लेक्स लावावा, असं सुचवायचं आहे. नाव तेच राहील, पिशव्यांवरच्या शिक्क्यात आणि व्हॉट्सॲपच्या फोटोतही तेच घेऊ. मुख्य अक्षरं गडद निळी, मराठी मोठी आणि इंग्रजी लहान. त्याने पाटीच्या नियमातही बसेल.
>
> खर्च: फ्लेक्स ३० चौरस फूट, ३५ रुपये दराने १,०५० रुपये. लावायची मजुरी ५०० रुपये. रबरी शिक्का २५० रुपये. एकूण १,८०० रुपये. हे पैसे तुम्ही थेट त्यांनाच द्यायचे. माझ्या कामाचे पैसे नकोत. हे काम मला कॉलेजच्या सबमिशनला दाखवता येईल, तेवढी परवानगी द्यावी.
>
> पेन कंपनीच्या माणसाशी बोर्डाबद्दल काही ठरलं असेल, तर आधी त्यांना विचारावं लागेल.
>
> होकार देण्याआधी नमुना बघा. नाव खऱ्या मापात कागदावर छापून रविवारी बंद शटरवर लावून दाखवतो. पसंत नसेल तर काढून नेईन.

यातले आकडे आमच्या वेळचे. तुम्ही दोन फ्लेक्सवाल्यांकडून दर विचारून घ्या आणि चढा दर लिहा. बिल कमी आलं तर कुणाची तक्रार नसते. ‘फुकट करतो’ एवढंच लिहून थांबू नका, व्यापारी माणसाला फुकटाचा संशय येतो. तुमचा फायदा काय, ते स्पष्ट लिहिलं की तो संशय जातो. पेन कंपनीची ओळही गाळू नका. फुकट बोर्डाच्या बदल्यात काकांना काही सूट मिळत असेल, तर तुमच्या सुंदर बोर्डाने त्यांचं नुकसान व्हायचं.

कधी द्यायचं

जूनमध्ये अजिबात नको. शाळा उघडतात आणि वह्या-कव्हरांच्या गर्दीत काकांना पाणी प्यायला फुरसत नसते. सबमिशनच्या आठवड्यात झेरॉक्सची रांग असते, तेव्हाही नको. दसऱ्याच्या पाच-सहा आठवडे आधीची एखादी दुपार बरी. नवी पाटी मुहूर्तावर लावायला दुकानदारांना आवडतं आणि तोवर नमुना, दुरुस्ती, छपाई सगळं बसतं. पत्र हातात द्या, ‘सवडीने वाचा’ म्हणा आणि निघा. वाचत असताना समोर उभं राहिलं की माणूस संकोचाने ‘बघू’ म्हणतो आणि मग ते बघणं होत नाही. आठवड्याने काहीतरी घ्यायला जा आणि विषय त्यांना काढू द्या.

आमच्या काकांनी तो पाचव्या दिवशी काढला. रंग, फॉन्ट, खर्च यातलं काहीच विचारलं नाही. म्हणाले, “शटरवर कागद चिकटवशील, त्याचा डिंक कोण काढणार?” मी म्हटलं, “मास्किंग टेप वापरतो, डाग राहत नाही.” त्यांनी मागच्या कप्प्यातून एक रीळ काढून काउंटरवर ठेवलं आणि त्याचे पैसे घेतले.